कंपनीवर कोणी चाल करून आलं तर छोट्या भागधारकाने काय करायचं? खुली ऑफर, पॉयझन पिल आणि आपले शेअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान ठाणे आणि नवी मुंबईतल्या छोट्या भागधारकांसाठी आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत नोकरी करताना मिळालेले, किंवा नौपाड्यातल्या नाहीतर वाशीतल्या सब-ब्रोकरकडून वर्षानुवर्षं थोडे थोडे घेतलेले शेअर ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्यासाठी. एक दिवस टपालातून जाडजूड ‘लेटर ऑफ ऑफर’ येतं आणि शेअर द्यायचे की नाही हे दहा दिवसांत ठरवायचं असतं. त्या दहा दिवसांत उपयोगी पडेल तेवढंच इथे लिहिलं आहे.

‘होस्टाइल टेकओव्हर’ म्हणजे नेमकं काय? ते बेकायदेशीर असतं का?

अजिबात नाही. सेबीच्या २०११ च्या टेकओव्हर नियमांत ‘होस्टाइल’ अशी वेगळी जातच नाही. कंपनीच्या संचालक मंडळाला किंवा प्रवर्तकांना नको असताना कोणी ताबा घ्यायला आलं, तर वर्तमानपत्रं त्याला होस्टाइल म्हणतात. नियम मात्र मित्राला आणि शत्रूला एकच लागू होतात. खरेदीदार आणि त्याच्यासोबत मिळून काम करणारे लोक यांचे मतदानाचे हक्क २५ टक्क्यांवर पोचले किंवा पोचतील असा करार झाला, की उरलेल्या भागधारकांकडून कमीत कमी आणखी २६ टक्के शेअर विकत घ्यायची तयारी त्याला दाखवावीच लागते. हीच खुली ऑफर. परदेशात टेंडर ऑफर म्हणतात ती जवळपास हीच, फक्त तिथे ती बहुतेक वेळा खरेदीदार आपल्या मर्जीने आणतो आणि आपल्याकडे कायदा ती आणायला लावतो.

आपल्याकडे अशा चाली क्वचित होतात, कारण बऱ्याच कंपन्यांत प्रवर्तकांकडेच निम्म्याच्या आसपास किंवा जास्त शेअर असतात. जिथे त्यांचा वाटा कमी असतो तिथेच फट सापडते.

माइंडट्रीमध्ये ती फट कशी सापडली?

२०१९ मध्ये माइंडट्री या आयटी कंपनीच्या प्रवर्तकांकडे सगळे मिळून सुमारे १३ टक्के शेअर होते. सगळ्यात मोठे भागधारक कॅफे कॉफी डेचे व्ही. जी. सिद्धार्थ होते, आणि त्यांचा व त्यांच्या कंपन्यांचा वाटा २०.३२ टक्के होता. १८ मार्च २०१९ ला एल अँड टीने हा वाटा शेअरमागे ९८० रुपयांनी घ्यायचा करार केला. आणखी १५ टक्क्यांपर्यंत बाजारातून घ्यायचे आणि ३१ टक्क्यांसाठी त्याच ९८० रुपयांना खुली ऑफर द्यायची, असंही त्याच वेळी जाहीर केलं. संस्थापकांनी उघड विरोध केला. जूनअखेर ऑफर संपली तेव्हा एल अँड टीकडे सुमारे ६० टक्के शेअर होते, आणि जुलैच्या सुरुवातीला तीन संस्थापकांनी राजीनामे दिले.

एका मोठ्या भागधारकाने विकायचं ठरवलं, एवढ्यावर सगळं फिरलं. आपल्या कंपनीचा शेअरहोल्डिंग पॅटर्न दर तिमाहीला एक्स्चेंजच्या साइटवर येतो. प्रवर्तक २० टक्क्यांच्या खाली आणि बाहेरचा एखादाच १५-२० टक्के धरून बसलेला, असं दिसलं तर त्या एकाकडे लक्ष ठेवा.

मग संचालक मंडळ पॉयझन पिल का वापरत नाही?

पॉयझन पिल म्हणजे चाल करून येणाऱ्याचा वाटा पातळ करायची संचालक मंडळाची युक्ती. ती वापरत नाहीत, कारण भारतात ती गिळताच येत नाही. आधी ती चालते कशी ते पाहू, म्हणजे इथे का चालत नाही हे आपोआप कळेल.

एप्रिल २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर शेअरमागे ५४.२० डॉलरना घ्यायचा प्रस्ताव दिला. ट्विटरच्या मंडळाने पिल आणली. मंडळाच्या संमतीशिवाय कोणी १५ टक्क्यांवर गेलं, तर बाकीच्या भागधारकांना २१० डॉलर भरून ४२० डॉलर किमतीचे शेअर घेता येतील, अशी तिची अट होती. बाजारभाव ४५ डॉलर धरला तर २१० डॉलरमध्ये नऊपेक्षा जास्त शेअर, म्हणजे एक साडेबावीस डॉलरला. हा हक्क सगळ्यांना मिळतो, फक्त १५ टक्के ओलांडणाऱ्याला नाही. शेअरची संख्या एकदम काही पट होते आणि त्याचा वाटा दुधात पाणी मिसळल्यासारखा पातळ होतो. म्हणून कोणी ती रेषा ओलांडतच नाही, थेट मंडळाशी बोलायला येतो.

आपल्याकडे हे तीन ठिकाणी अडतं. राइट्स इश्यू काढला तर तो सगळ्या भागधारकांना त्यांच्या प्रमाणात द्यावा लागतो, खरेदीदारालाही. त्याला एकट्याला वगळता येत नाही. ठरावीक लोकांनाच शेअर द्यायचे म्हटलं तर तो प्रेफरन्शियल इश्यू होतो. त्याला विशेष ठराव लागतो आणि सेबीच्या सूत्राने निघणाऱ्या किमतीपेक्षा स्वस्तात देता येत नाही. अर्ध्या किमतीत शेअर देणं हाच तर पिलचा जीव, तोच निघून जातो. तिसरी अडचण सगळ्यात जड आहे: खुली ऑफर जाहीर झाल्यापासून ती संपेपर्यंत कंपनीने नवे शेअर काढणं, बायबॅक करणं, नेहमीच्या धंद्याबाहेर मोठी मालमत्ता विकणं हे सगळं भागधारकांच्या विशेष ठरावाशिवाय बंद असतं, आणि तो ठराव टपाली मतदानाने घ्यावा लागतो. विशेष ठरावाला विरोधी मतांच्या तिप्पट मतं लागतात. समोरच्याकडे आधीच २५ टक्क्यांहून जास्त असतील तर तो एकटाच ठराव पाडू शकतो.

माइंडट्रीच्या मंडळाने २० मार्चला बायबॅकचा विचार केला होता. २६ मार्चला त्यांनी तो सोडून दिला.

पिल नसल्याने आपलं, भागधारकांचं, नुकसान होतं का?

आमच्या मते फारसं नाही. ट्विटरचंच बघा. पिल १५ एप्रिलला आली, २५ एप्रिलला करार झाला, आणि भाव होता तोच ५४.२० डॉलर. किमतीत एक सेंटही वाढला नाही. मंडळाने मिळवलं ते पक्कं बांधलेलं करारपत्र. पुढे जुलैत मस्क यांनी माघार घ्यायचा प्रयत्न केला तेव्हा ते कामी आलं, आणि ऑक्टोबरअखेर पैसे त्याच भावाने मिळाले. पिलचा उपयोग वेळ आणि वाटाघाटीची ताकद मिळवण्यापुरता असतो. मंडळ ती ताकद भागधारकांसाठी वापरतं की आपली खुर्ची वाचवायला, यावर तिकडे गेली चाळीस वर्षं कोर्टात भांडणं चालू आहेत.

भारतीय कायद्याने तो अधिकार मंडळाकडून काढून जवळपास पूर्ण तुमच्या हातात दिला आहे. म्हणूनच खालचं गणित तुम्हाला स्वतः करावं लागतं.

इथे बचाव म्हणून काहीच करता येत नाही का?

येतं, पण चाल येण्याआधी. प्रवर्तकांकडे २५ टक्क्यांच्या वर असेल तर ते खुली ऑफर न देता आर्थिक वर्षात ५ टक्क्यांपर्यंत वाटा वाढवू शकतात. शांततेच्या काळात विशेष ठराव घेऊन स्वतःला वॉरंट, म्हणजे ठरलेल्या भावाने नंतर शेअर घ्यायचा हक्क, घेऊ शकतात. त्यात २५ टक्के रक्कम आधी आणि उरलेली १८ महिन्यांच्या आत भरायची असते.

चाल आल्यानंतर एकच खरा मार्ग उरतो: दुसरा, आवडता खरेदीदार शोधायचा. त्याने पहिल्याच्या सविस्तर जाहीर निवेदनानंतर १५ कामकाजाच्या दिवसांत स्पर्धक ऑफर द्यावी लागते, आणि त्याची ऑफर व हातातले शेअर मिळून पहिल्याचा हातातला वाटा व ऑफर यांच्या बेरजेइतके तरी व्हावे लागतात. पहिल्याकडे २६ टक्के असतील आणि त्याची ऑफर आणखी २६ ची असेल, तर रिकाम्या हाताने येणाऱ्याला ५२ टक्क्यांची ऑफर द्यावी लागेल. तीन आठवड्यांत एवढा पैसा उभा करणारा मित्र सहसा मिळत नाही. मिळाला तर मात्र भागधारकांची चांदी, कारण भाव चढवायची मुभा दोघांनाही असते.

ऑफरची किंमत कशी ठरते? ती बाजारभावापेक्षा कमी कशी असू शकते?

थेट खरेदीत किमान किंमत म्हणजे या आकड्यांतला सगळ्यात मोठा: करारात ठरलेला भाव, खरेदीदाराने मागच्या ५२ आठवड्यांत दिलेल्या भावाची सरासरी, मागच्या २६ आठवड्यांत त्याने दिलेला सर्वांत जास्त भाव, आणि आधीच्या ६० ट्रेडिंग दिवसांची उलाढालीनुसार काढलेली बाजारातली सरासरी. हे सगळे आकडे मागे पाहणारे आहेत. शेवटच्या काही आठवड्यांत भाव झपाट्याने चढला असेल तर सरासरी खालीच राहते.

एनडीटीव्हीच्या बाबतीत हेच दिसलं. २३ ऑगस्ट २०२२ ला अदानी समूहाने एका जुन्या कर्जावरची वॉरंट वापरली आणि एनडीटीव्हीचे २९.१८ टक्के शेअर ज्या प्रवर्तक कंपनीकडे होते तिचाच ताबा मागितला. २६ टक्क्यांसाठी ऑफर आली २९४ रुपयांची. त्या दिवशी बाजारात भाव होता सुमारे ३६६ रुपये. ऑफर २२ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर चालली, तेव्हाही बाजार वरच होता. तरी सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास शेअर टेंडर झाले, म्हणजे ऑफरमध्ये दिले गेले.

बाजारात जास्त भाव असताना २९४ ला देणाऱ्यांचं काय झालं?

त्यांना आणखी काही पैसे नंतर मिळाले. हा नियम फार कमी लोकांना ठाऊक असतो. टेंडर करायची मुदत संपल्यापासून २६ आठवड्यांत खरेदीदाराने कोणाशी सौदा ठरवून जास्त भावाने शेअर घेतले, तर ऑफरमध्ये शेअर दिलेल्या प्रत्येकाला फरक द्यावा लागतो, तोही ६० दिवसांच्या आत. डिसेंबर २०२२ अखेर अदानी समूहाने संस्थापकांकडून २७.२६ टक्के शेअर ३४२.६५ रुपयांनी घेतले, त्यामुळे टेंडर करणाऱ्यांना शेअरमागे ४८.६५ रुपये जास्त द्यावे लागले.

पण यावर भरवसा ठेवून बाजारभावापेक्षा कमी किमतीत टेंडर करू नका. संस्थापक विकतीलच असं कोणी लिहून देत नाही. खरेदीदाराने पुढे एक्स्चेंजवर साध्या व्यवहारात घेतलेल्या शेअरना हा नियम लागू होत नाही, हेही लक्षात असू द्या.

ऑफरचा भाव बाजारापेक्षा जास्त आहे. मग सगळे शेअर टेंडर करावेत, नाही का?

इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. ऑफर सगळ्या शेअरसाठी नसते. जास्त शेअर आले तर प्रमाणात घेतात आणि उरलेले परत येतात. परत येतात तेव्हा ऑफर संपलेली असते, आणि भाव बहुतेक वेळा खाली आलेला असतो.

एक काल्पनिक कंपनी घेऊ. प्रवर्तक १४ टक्के, खरेदीदाराने कराराने घेतलेले २६ टक्के, बाकी सगळे ६० टक्के. ऑफर २६ टक्क्यांसाठी, भाव ४०० रुपये. बाजारात आज ३७२. तुमच्याकडे ३०० शेअर आहेत. ऑफर संपल्यावर भाव ३३० ला येईल असा तुमचा अंदाज आहे.

आजच बाजारात विकले तर १,११,६०० रुपये.

साठच्या साठ टक्के लोकांनी टेंडर केलं, तर २६ भागिले ६०, म्हणजे सुमारे ४३ टक्के स्वीकारले जातील. तुमचे १३० शेअर ४०० ने आणि १७० शेअर ३३० ने. एकूण १,०८,१०० रुपये, बाजारात विकण्यापेक्षा साडेतीन हजार कमी.

फक्त ३० टक्के आले तर ८६.६७ टक्के स्वीकारले जातील. २६० शेअर ४०० ने, ४० शेअर ३३० ने, एकूण १,१७,२०० रुपये.

दोन्ही सारखं पडतं ते ६० टक्के स्वीकृतीला: बाजारभाव वजा नंतरचा भाव, म्हणजे ४२, ऑफरचा भाव वजा नंतरचा भाव, म्हणजे ७०, बेचाळीस भागिले सत्तर. म्हणजे बाहेरच्यांपैकी ७२ टक्क्यांहून कमी शेअर येतील असं वाटत असेल तर टेंडर करा, जास्त येतील असं वाटत असेल तर बाजारात विका. मोठे म्युच्युअल फंड आणि विदेशी संस्था किती धरून आहेत हे पाहिलं की अंदाज बांधता येतो. रोज किती शेअर टेंडर झाले हा आकडा एक्स्चेंजच्या साइटवर येत राहतो, पण मोठ्या संस्था शेवटच्या दिवशी येतात. आठव्या दिवसाचा आकडा पाहून निश्चिंत होऊ नका.

तिसरा पर्याय शेअर धरून ठेवायचा. माइंडट्रीचा भाव ऑफरनंतर काही आठवड्यांतच ९८० च्या बराच खाली गेला होता. २०२१ च्या अखेरीस तोच भाव चार हजारांच्या वर होता. नव्या मालकाबद्दल तुमचं मत काय, त्यावर हा पर्याय अवलंबून आहे. वरचं गणित तिथे उपयोगी पडत नाही.

बायबॅकसारखा छोट्या भागधारकांसाठी वेगळा कोटा असतो का?

नाही. दोन लाखांच्या आतल्यांना १५ टक्के राखीव, हा नियम टेंडर पद्धतीच्या बायबॅकचा आहे. खुल्या ऑफरमध्ये सगळे एका रांगेत.

सगळं किती दिवस चालतं?

नियमाप्रमाणे पहिली घोषणा झाल्यावर ५ कामकाजाच्या दिवसांत सविस्तर निवेदन, आणखी ५ दिवसांत मसुदा सेबीकडे, सेबीचं म्हणणं १५ दिवसांत, त्यानंतर १२ दिवसांच्या आत टेंडरची खिडकी उघडते, ती १० दिवस चालते आणि पुढच्या १० दिवसांत पैसे. बेरीज ५७ कामकाजाचे दिवस. प्रत्यक्षात सेबी प्रश्न विचारते आणि तारखा सरकतात. एनडीटीव्हीची खिडकी १७ ऑक्टोबरला उघडायची होती, उघडली २२ नोव्हेंबरला. मुलाच्या फीसाठी किंवा घराच्या हप्त्यासाठी या पैशांवर तारीख ठरवू नका.

टेंडर कसं करायचं?

डीमॅट असेल तर ब्रोकरच्या ॲपमध्ये कॉर्पोरेट ॲक्शनखाली ऑफर दिसते. संख्या टाकायची, डिपॉझिटरीकडून आलेला ओटीपी द्यायचा. शेअर खात्यातच राहतात, त्यांच्यावर लिएन लागतो, म्हणजे तोवर ते दुसरीकडे विकता येत नाहीत. ब्रोकरकडून ट्रान्झॅक्शन रजिस्ट्रेशन स्लिप मागून घ्या. एक्स्चेंजची मुदत दहाव्या दिवशी संपते, पण बहुतेक ब्रोकर त्याआधीच आपलं दार लावतात. ती वेळ आधी विचारा.

एकदा टेंडर केलं की परत घेता येत नाही. अमेरिकेत मुदत संपेपर्यंत शेअर मागे घेता येतात, इथे नाही. म्हणून पहिल्या दिवशी घाई करू नका. खरेदीदार खिडकी उघडायच्या आदल्या कामकाजाच्या दिवसाच्या आधीपर्यंत भाव वाढवू शकतो, तो सगळ्यांनाच मिळतो. स्वतंत्र संचालकांची शिफारस खिडकी उघडण्यापूर्वी किमान दोन कामकाजाचे दिवस छापून येते, ती वाचा. शिफारशीचा निकाल काय यापेक्षा त्यामागची कारणं किती ठोस आहेत ते बघा.

माझ्याकडे कागदी शेअर सर्टिफिकेट आहेत. ती चालतात का?

चालतात. २०१९ पासून कागदी शेअरचं साधं हस्तांतरण बंद आहे, पण खुल्या ऑफरमध्ये ते देता येतात. मूळ सर्टिफिकेट, सह्या केलेला एसएच-४ फॉर्म, लेटर ऑफ ऑफरसोबत आलेला स्वीकृती फॉर्म आणि स्वाक्षरी केलेली पॅनची प्रत लागते. ब्रोकर एक्स्चेंजवर बोली टाकतो आणि कागद रजिस्ट्रारकडे मुदतीत पोचवावे लागतात. रजिस्ट्रारचं कार्यालय विक्रोळीला असेल तर ठाण्याहून लोकलने जाऊन हातात द्या आणि पोच घ्या. हैदराबादला असेल तर स्पीड पोस्ट पहिल्या दोन दिवसांतच करा.

फॉर्म परत येतात ते ठरलेल्या कारणांनी: सही वीस वर्षांपूर्वीच्या नमुन्याशी जुळत नाही, सर्टिफिकेटवर दोन नावं आणि फॉर्मवर एकच सही, किंवा पहिले धारक वारले आहेत आणि नाव बदललेलंच नाही. शेवटचं काम दहा दिवसांत होत नाही. वारस म्हणून नाव लावायची प्रक्रिया ऑफरची वाट न पाहता सुरू करा.

लेटर ऑफ ऑफर आलंच नाही तर?

तरी टेंडर करता येतं. ते पत्र एका ठरावीक तारखेला यादीत असलेल्यांना जातं. नंतर शेअर घेतलेल्यांनाही टेंडरचा हक्क आहे. पत्र सेबीच्या आणि एक्स्चेंजच्या साइटवर असतं. व्हॉट्सॲपवर लिंक पाठवून ओटीपी मागणारा कोणीही खरेदीदाराचा माणूस नसतो.

कर किती लागतो?

ऑफर एक्स्चेंजच्या यंत्रणेतून होत असल्याने एसटीटी लागतो आणि कर बाजारात विकल्यासारखाच. २३ जुलै २०२४ पासून एक वर्षाहून जास्त काळ धरलेल्या शेअरवर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आणि त्यापुढे साडेबारा टक्के. एक वर्ष किंवा कमी असेल तर २० टक्के. शेअर ३१ जानेवारी २०१८ आधीचे असतील तर मूळ खरेदीऐवजी त्या दिवसाचा भाव धरता येतो, पण विक्रीच्या किमतीपर्यंतच. वरच्या उदाहरणात ३० टक्केच शेअर आले आणि तुमचे ३०० शेअर वर्षाहून आधी २०० रुपयांनी घेतलेले असतील तर नफा ५७,२०० रुपये. वर्षात दुसरी विक्री नसेल तर यावर कर शून्य.